काटेवालीची अकरा वर्षं

औषधांच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत तिला सगळे काटेवाली म्हणत. कारण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती वजनकाटे तपासायची. पेटीतली प्रमाणित वजनं चिमट्याने उचलायची, एकेक करून काट्यावर ठेवायची, आकडा वहीत लिहायची, खाली सही करायची. तिची सही पडल्याशिवाय त्या काट्याला कुणी हात लावत नसे. माणूस तसा शांत, पण काटा केसभर जरी खोटा बोलला तरी तिचा आवाज चढायचा.

अकरा वर्षं एकच खुर्ची, एकच खिडकी. मात्र पगार कधी त्या कंपनीकडून आला नाही. तो माणसं पुरवणारी एजन्सी द्यायची, आणि या काळात एजन्सी दोनदा बदलली. कंपनीने कंत्राट नव्या एजन्सीला दिलं की काटेवालीला जुनीच्या राजीनाम्यावर आणि नवीच्या नेमणूकपत्रावर एकाच दिवशी सही करावी लागे. सही झाली की ती पुन्हा काट्यापाशी.

चाळिशी उलटल्यावर दुसऱ्या एका प्रयोगशाळेत तिला कायमची नोकरी मिळायची चिन्हं दिसली. मुलाखत झाली, नेमणूक ठरली, फक्त मागच्या नोकरीची माहिती भरून द्यायची होती. फॉर्म घेऊन ती घरी बसली तेव्हा नवरा शेजारी येऊन टेकला. नको तिथे अक्कल पाजळायची त्याला भारी हौस.

"तीन एजन्स्या कशाला लिहितेस? म्हणतील, ही बाई कुठे टिकतच नाही. सरळ कंपनीचं नाव टाक."

"खोटं नाही ना होणार?"

"खोटं कसलं? तू तिथेच जातेस ना रोज?"

तिलाही ते पटलं. कुणी विचारलं तर ती स्वतःही 'औषधांच्या कंपनीत आहे' असंच सांगायची. तिने एका ओळीत अकरा वर्षं लिहून टाकली.

आठवड्याने नव्या ठिकाणच्या कार्यालयातून फोन आला. बोलणारी बाई वयाने लहान, पण कामात पक्की.

"ताई, आम्ही चौकशी केली. ती कंपनी म्हणते, या नावाची आमची कर्मचारी कधीच नव्हती. परवापर्यंत खुलासा द्या, नाहीतर नेमणूक रद्द होईल."

काटेवालीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिने सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईने लगेच वाट दाखवली.

"मग तसंच लिहा ना. नोकरी देणारी संस्था म्हणून तिन्ही एजन्स्या, तारखांसकट. त्यांच्याखाली कामाची जागा म्हणून कंपनी. एजन्सी का बदलली, तेही एका ओळीत. नेमणूकपत्रं आणि पगाराच्या पावत्या जोडा. आणि काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा नंबर द्या."

कागद सापडले. पण काम पाहिलेला माणूस म्हणजे प्रयोगशाळेचे साहेब. एजन्सीतल्या कुणी तिला काट्याजवळ पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना पत्र मागितलं. ते अवघडले.

"कंपनीच्या कागदावर नाही देता येणार हो. तुम्ही एजन्सीच्या. आम्हाला तसा नियमच आहे. पण फोन आला तर जे आहे ते सांगेन."

त्यांचा नंबर लिहून तिने नवा फॉर्म लगेच पाठवला, आणि साहेबांना फोन दुपारीच आला. काचेच्या दाराआड ती वजनं पुसत होती.

"नाही, आमच्या कर्मचारी नव्हत्या कधी," साहेब म्हणाले.

चुकीचं काही बोलत नव्हते ते, तरी तिला फार वाईट वाटलं.

"एजन्सीकडून होत्या. हो, अकरा वर्षं, माझ्याच हाताखाली. इथले काटे त्या तपासतात. काम? बाई, त्यांनी बंद ठेवा म्हटलेला काटा मीसुद्धा चालू करत नाही."

दोन दिवसांनी नेमणूक पक्की झाल्याचं कळलं. जीव भांड्यात पडला. फॉर्म नीट भरायला आपणच सांगितल्यासारखा नवरा ऐटीत फिरला, आणि तिनेही त्याला फिरू दिलं.

राजीनामा अर्थात एजन्सीला द्यायचा होता. तिकडच्या माणसाने तो मिळाल्याचा फोन केला. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याने तिला नव्हतं.

"ताई, तुमच्या जागी माणूस पाठवायचंय. तुम्ही तिथे नक्की करता काय? जरा सांगाल का?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि सांगू लागली. काटे, वजनं, वह्या, तपासणीला बाहेरची माणसं येतात तेव्हा काय दाखवायचं, काटा बिघडला तर कुणाला थांबवायचं. वीस मिनिटं झाली तरी तो लिहीतच होता.

"बाप रे," तो म्हणाला. "आमच्याकडे तुमच्या नावापुढे नुसतं 'मदतनीस' आहे."

"खोडा ते," काटेवाली म्हणाली. "खोडा, मी थांबते."