नसा तर साफ हायेत

नागपूरहून अँजिओग्राफी करून मामाजी परतले ते पेढ्यांचा डबा घेऊनच. मामाजी म्हणजे माझे सासरे. सौंसरच्या आमच्या गल्लीत घरोघरी जाऊन सांगत सुटले, "नसा एकदम साफ हायेत!" त्याच रिपोर्टात खाली लिहिलं होतं की हृदयातून महाधमनीत रक्त जातं तिथली झडप पार आखडलीय, बदलावी लागेल. ते वाचायला कोणी तयार नाही. मी सरकारी दवाखान्यात डॉक्टर. अख्खा तालुका माझं ऐकतो, घरात कुत्रं ऐकत नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

रामाकोन्याजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत जरा चढ आहे. तिथं निम्म्यात मामाजींची छाती दाटून यायची. छातीला हात लावून थांबायचे आणि म्हणायचे, "गॅस होऊन राह्यला."

"गॅस नाही मामाजी, हृदय उपाशी पडून राहिलंय."

"नसा साफ हायेत न? मग उपाशी काहून? तू सूनबाई, उगाच भेव दाखवून राह्यली."

एक दिवस बाग पाहायला त्यांचे एक जुने दोस्त आले, संत्र्याचे व्यापारी. चढावर मामाजींना दुखायला लागलं. दोस्तानं मोठ्या मायेनं खिशातली स्वतःची छातीदुखीची गोळी काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली. आपल्याकडे ही गोळी लोक तंबाखूसारखी वाटतात! थोड्याच वेळात मामाजी धाडकन झाडाखाली कोसळले. मला फोन आला. "पाय वर धरा, अन् दुसरी गोळी देऊ नका," असं मी ओरडतच गाडीत बसले. दवाखान्यात आणलं तेव्हा रक्तदाब जेमतेम लागत होता. सलाईन लावलं, हळूहळू डोळे उघडले. बाहेर ते व्यापारी सगळ्यांना सांगत होते, "म्या गोळी देल्ली म्हणून वाचला गडी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी जेवताना मी पुन्हा सुरू केलं. म्हटलं, "मामाजी, हृदयाचा डावा कप्पा सगळ्या अंगाला रक्त पाठवतो. पण तो आवळतो तेव्हा त्याच्या भिंतीतल्या बारीक नसा दाबल्या जातात. त्याला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः तो सैल पडतो तेव्हा, दोन ठोक्यांच्या मधे. तुमची झडप आखडली, म्हणून त्याला जोर जास्त लावावा लागतो. भिंत जाड झाली, भूक वाढली. आवळायला वेळ जास्त लागतो, म्हणून आराम कमी. सैल पडला तरी आतला दाब पुरता उतरत नाही, मग रक्त आत शिरणार कसं? त्यात तुम्ही चढ चढता, ठोके वाढतात, उरलासुरला आरामही जातो. अन् त्या गोळीनं रक्तदाब पडला. अरुंद झडपेतून जास्त रक्त सोडून हृदयाला तो सावरता येत नाही. मग त्या नसांत रक्त ढकलणारा दाबच राहत नाही. नसा कितीही साफ असोत!"

मामाजी म्हणाले, "भाजी वाढ."

मी ताट सरकवून उठणारच होते. सोडा हा नाद, म्हटलं. भाजी वाढायला आत्याबाई उठल्या, माझ्या सासूबाई. चमचा हातात घेतला आणि तशाच थांबल्या. मग भांडं खाली ठेवून त्या आपल्या ताटापुढं मांडी घालून बसल्या.

"मी काई उठत नाई आता," त्या म्हणाल्या. "साऱ्याईले वाढून मी बसतो, दोन घास खात नाई त तुमी आवाज देता. पोळी आण, पानी आण. घरात कोठी भरली हाय, पर बसूच देत नाई त मी जेवू कवा? तुमच्या छातीचं तसंच होऊन राह्यलं. समजलं का?"

इतक्या वर्षांत आत्याबाईंना असं बोलताना मीही ऐकलं नव्हतं. मी इतकी वर्षं शिकले, तासभर डोकं फोडलं, आणि मामाजींना काय समजलं तर हे! राग आला खरं सांगायचं तर. मामाजी उठले, भाजी स्वतः घेतली आणि आत्याबाईंच्या ताटातही वाढली.

"नागपूरले फोन लाव," ते मला म्हणाले.

झडप बदलली. चालायची परवानगी मिळाल्यावर बागेत गेलो. आत्याबाई खाली झाडाखाली डबा उघडून बसल्या होत्या, निवांत जेवत. मामाजी चढावर माझ्यापुढं होते. नेहमीची थांबायची जागा आली आणि ते थांबलेच नाहीत. सरळ वर गेले. वरून ओरडले, "पाह्य! मी म्हणत नव्हतो, नसा साफ हायेत?"

मी तिथंच उभी राहिले. संताप संताप झाला, आणि डोळ्यांना लावलेला पदर काही केल्या खाली घेता येईना.