रिबनवरचे पाच जण

कापसाने लागोपाठ तीन वर्षं दगा दिला आणि वऱ्हाडातली लग्नं आखडली. त्या उन्हाळ्यात पातूरचे एक बँडमास्तर अकोल्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात आले. मूर्तिजापूरला म्हणे त्यांच्या तुतारीला गार्डाची शिट्टी समजून गाडी सुटली होती. ते दोन डब्यांची सांगत. मी आठ डब्यांची सांगतो.

त्यांच्या पोस्टरवर लाल लहरती रिबन होती आणि तिच्यावर पिवळ्या अक्षरांत ‘फक्त एकवीस माणसांचा बँड’.

“भाऊ, एकविसाले आता कोनी विचारत नाही. आमी उरलोबी पाचच. ‘पाच माणसांचाही बँड मिळेल’ असं टाका. क्लॅरिनेटवाला संध्याकाळी सुरतले कामाले चालला. पोस्टर लागून राहिलं असं दिसलं तरच थांबन. तो गेला तं बँड खतम.”

“मूळ फाइल?”

“अमरावतीवाल्याचा कॉम्प्युटर मेला. हे एवढंच हाय.”

त्यांनी दिलेल्या सीडीत नुसतं चित्र होतं. अक्षरं, रिबन, ढोल सगळं एकाच थरात चिकटलेलं. मी शेजारचा लाल रंग उचलून जुनी अक्षरं बुजवली. रिबनच्या घड्या वाचवता वाचवता माझे डोळे मिरचीसारखे झाले. मग पेन टूलने रिबनच्या वरच्या काठाशी लहरती रेघ ओढली. शाळेत पाटीवर अक्षरं रेघेखाली टांगलेली, हात तसाच गेला. मजकूर टाकला, तर अख्खी ओळ रिबनच्या वर उभी! संगणक अक्षरं रेघेवर बसवतो, टांगत नाही.

“हे वरातीले घोडीवर चढले काय?” मास्तर म्हणाले.

रेघ खाली, अक्षरांच्या पायाशी नेली. अक्षरं रिबनमध्ये आली, पण उंचवट्यावर शिरोरेषा फाटली आणि खोलगटात अक्षरं एकमेकांवर चढली. प्रत्येक अक्षर आपापल्या कलाने वळतं. पाय जुळले तर डोकी फाकतात.

“चाचा, जरा गप बसा,” मी मास्तरांना म्हणालो.

“मी बोललो कुठं? फकत पाहून राहिलो.”

पाहणं त्यांचं ढोलापेक्षा मोठं होतं. मी रेघ पुन्हा वर घेतली, पण या वेळी बेसलाइन शिफ्ट उणे करून अक्षरं खाली सरकवली, शिरोरेषा बरोबर रेघेवर येईपर्यंत. आता डोकी जुळली. फट पायांशी गेली, तिथे कोण बघतो! लहरीचे दोन टोकदार बिंदू मऊ केले, ‘मिळेल’ सपाट भागावर आणलं आणि जुन्या अक्षरांसारखी बारीक सावली दिली.

मास्तरांनी पडद्यावर बोट फिरवत ओळ दोनदा वाचली. मग मोबाइल काढला.

“बॅग ठेव खाली,” ते क्लॅरिनेटवाल्याला म्हणाले, “पाच छापून राहिले बे. तू गेला तं चार होतात, अन् भाऊ आता पुन्हा नाही बदलनार.”

त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. मी गंभीरपणे सांगितलं, “नाही बदलणार.”