पोलीस हॅज की हॅव

जळगावच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून मला वर्ष होत आलं होतं. नोकरी कायम होणं शिक्षण खात्याच्या साहेबांच्या तपासणीवर अवलंबून होतं. "इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द निघाला तर त्यांना खपत नाही," मोठ्या बाईंनी बजावलं होतं.

साहेब नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले आणि माझ्या हातातला खडू घामाने ओला झाला. शब्द एकवचनी की अनेकवचनी, हाच नेमका त्या दिवशीचा धडा. शेवटी 'एस' असला तरी 'न्यूज'ला 'इज'. 'पीपल'ला 'आर'. 'स्टाफ' एक गट धरला तर 'इज', त्यातली माणसं धरली तर 'आर'.

"आणि डेटा?" साहेबांनी इंग्रजीत मलाच विचारलं.

"डेटमचं अनेकवचन, म्हणून 'आर'. काही जण 'इज'ही लिहितात."

त्यांनी हातातल्या वहीचं पान उलटलं.

मग त्यांनी खिडकीजवळची मुलगी उठवली. ती पारोळ्याकडच्या खेड्यातली, वसतिगृहात राहणारी. 'पोलीस घरी आले आहेत' हे वाक्य इंग्रजीत करायचं होतं. 'हॅज' की 'हॅव'?

ती पांढरीफटक पडली. "हॅज."

"चूक. विचार कर."

"हॅज, सर." साहेबांचा आवाज चढला तशी ती अहिराणीतच बोलून गेली, "एकच उना व्हता, सर!"

एकच आला होता. मला तिच्या घरचं काहीच माहीत नव्हतं, पण ती व्याकरण सांगत नव्हती, एवढं कळलं. मी तिच्याजवळ गेले आणि मराठीतच म्हणाले, "बाळ, एकच आला तर 'अ पोलीसमन हॅज कम' म्हणायचं. 'पोलीस' म्हटलं की एकटा धरत नाहीत, तिथे 'हॅव'च. बस खाली."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि उठून गेले.

तास संपल्यावर तिने सांगितलं. तिचा भाऊ सुरतेला गिरणीत होता. रविवारी ती घरी गेली असताना एक पोलीस दारात आला, मुलाला मोठा अपघात झालाय म्हणाला. वडील त्याच दिवशी सुरतेला निघाले. नंतर काही कळलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस आम्ही दोघी भेदरलेल्या होतो. शाळेचा शिपाई वर्गाच्या दाराशी आला की ती पेन खाली ठेवायची. मीही थांबायचे, बोलावणं तिला आहे की मला, कळायचं नाही.

भाऊ वाचला, पण उजव्या हाताची बोटं गेली. वडील स्वतः शाळेत येऊन सांगून गेले. माझी नोकरी उन्हाळ्यात कायम झाली. शेऱ्यात लिहिलं होतं, 'विषयाची जाण चांगली. वर्गात मातृभाषा वापरतात, सुधारणा आवश्यक.'

ती सुधारणा काही मी केली नाही.