पाटीवरचं गाव

भालू लोहकरे बार्शीत फ्लेक्स छापतो. हिराबाईंच्या हरवलेल्या मुलाचा, सुदामचा फ्लेक्सही त्यानेच केला होता. आज त्या मोबाईल घेऊन आल्या. अनोळखी नंबरावरून फोटो आला होता. त्यात सुदाम एका दुकानापुढे उभा.

"भालू, पाटीवरचं गाव वाच बाबा. आजच निघते."

त्याने फोटो मोठा केला. पाटी अस्पष्ट नव्हती, तरी वाचता येईना. वेलांटी दोन अक्षरांच्या मध्येच लोंबत होती, मात्रा शिरोरेघेला टेकत नव्हती, जोडाक्षराच्या जागी नुसता गुंता. कितीही अडाणी रंगारी असली अक्षरं काढणार नाही.

"मावशी, हा फोटो एआयच्या यंत्रानं बनवलाय. त्याला वाचता येत नाही. मराठी पाट्या त्यानं थोड्याच पाहिल्यात, मग अक्षरासारखं दिसेल ते चितारतं. असं गावच नाही."

"पण तोंड तर माझ्या सुदामचंच हाय."

तोंड त्याचंच होतं. चौकड्यांचा शर्टही फ्लेक्सवरचाच, कॉलर तशीच एका बाजूला दुमडलेली. ते कुठून उचललंय, हे सांगायला भालूची जीभ रेटेना. चौकाचौकात सुदामचा तो फ्लेक्सवरचा फोटो एवढा मोठा करून त्यानेच लावला होता.