कपाटाच्या दाराआतले नियम

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. आता टाळत बसायला वेळ उरलेला नाही.

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरला एका शेअरदलालाच्या कचेरीत नोकरीला होतो. मुलुंडला माझी थोरली बहीण एकटी राहायची. भावजी गेल्यावर शिकवण्या घ्यायची. त्यांच्या फंडातला निम्मा पैसा तिने बँकेत ठेवला आणि निम्म्याचे, माझ्या सल्ल्याने, एका कंपनीचे शेअर घेतले. लाभांश वाढला की शिकवण्या सोडायच्या, एवढंच तिच्या मनात होतं.

घेतानाच तिने माझ्याकडून नियम लिहून घेतले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. घरखर्चाला लागणारा पैसा बाजारात नाही. भाव महिन्यातून एकदाच बघायचा. नुसता भाव पडला म्हणून विकायचं नाही. कंपनीचा धंदाच बिघडला तर विकायचं, तेही दोघांनी बोलून.

"अक्षर तुझं आहे हां," ती म्हणाली. "मागाहून माझ्यावर ढकलू नकोस."

मग सासूच्या आजारपणासाठी ती कोकणात गेली. दवाखान्याला बँकेतले पैसे पुरले नाहीत तर शेअर विकता यावेत म्हणून त्यांची सर्टिफिकिटं आणि सही केलेले ट्रान्सफर फॉर्म माझ्याकडे ठेवून गेली. त्याच सुमारास बाजार कोसळला.

कचेरीत नुसता आरडाओरडा. "काढ ना यार, उद्या रद्दीवाला पण घेणार नाही!" मी दिवसभर लोकांच्या शेअरांचे भाव पाहत होतो, म्हणजे तिच्याही. चौथ्या दिवशी मी तिचे शेअर विकून टाकले. कंपनीचा कारखाना व्यवस्थित चालू होता. मला ते माहीत होतं.

भाव आणखी पडला की परत घेऊ, असं ठरवलं होतं. पडला, मी आणखी पडायची वाट पाहिली. मग चढला, मी तो पुन्हा खाली यायची वाट पाहिली. तो आला नाही.

ती परतल्यावर मी सांगितलं, "ताई, कंपनीचा धंदाच बसला गं. विकावे लागले."

"बरं केलंस. तू होतास म्हणून एवढे तरी वाचले."

पुढे शेजारणीला त्याच कंपनीचे बोनस म्हणून फुकट जादा शेअर मिळाले. ताई म्हणाली, "सावरली वाटतं रे कंपनी."

"हो," मी म्हणालो.

डोळे अधू होईपर्यंत ती शिकवण्या घेत राहिली. शेवटच्या आजारपणात मी रोज तिच्या उशाशी बसायचो. तोंड उघडायचो आणि मोसंबी सोलू का विचारायचो.

ताई, कंपनीला काही झालं नव्हतं. मी घाबरलो होतो. माझं चुकलं.