टमाट्याच्या गाडीसारखे विकलेले शेअर

मी जन्मात कधी टमाट्याची अर्धी गाडी उतरवली नाही. नारायणगावच्या बाजारात गाडी लागली की सगळे क्रेट खाली, बोली होईल तो भाव, आणि दुपारपर्यंत घरी. माल ठेवून घेतला की सडतो. ही अक्कल मी शेअरबाजारातही घेऊन गेलो आणि तोंडावर आपटलो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी हायवेलगत शेअरचं ऑफिस थाटलं होतं. माझ्याकडे पाइपाचे जोड बनवणाऱ्या एका लहान कंपनीचे दोन हजार शेअर होते. बावीसला घेतलेले, सहा महिन्यांत चाळीस. मी तर हवेतच! बायकोने दुधाच्या पैशातून एका मोठ्या, देशभर नाव असलेल्या कंपनीचे शंभर शेअर जमवले होते. त्यांचा भाव दिवसाला दोन-चार रुपये इकडंतिकडं हलायचा. मी तिला म्हणायचो, तुझी कंपनी म्हणजे म्हातारी म्हैस, जागची हलत नाही. ती हसायची आणि आपल्या कामाला लागायची.

त्या वर्षी मुलीला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली. फी पुढच्या सोमवारपर्यंत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी छाती काढून सांगितलं, माझे शेअर विकतो, तुझ्या आईच्या शेअरला हात लावायची गरज नाही.

मुदतीच्या आठवडाभर आधीच्या सोमवारी सकाळी ऑफिसात गेलो. गृहस्थांनी पडद्यावर दाखवलं : घेणारे मोजकेच. कुणाला दीडशे हवेत, एकोणचाळीस ऐंशीला. कुणाला शंभर, एकोणचाळीसला. त्याखाली आणखी थोडे. ते म्हणाले, भाव बांधून, म्हणजे इतक्याखाली विकायचं नाही असं ठरवून, रोज शंभर-दोनशे काढा, सगळे एकदम टाकू नका. माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवून म्हणालो, मिळेल त्या भावाला सगळे फुंका, माझ्याकडं आठवडाच हाय.

त्यांनी बटण दाबलं. वरचे दीडशे गेले, मग शंभर, मग भाव पायऱ्या उतरत छत्तीसवर येऊन थांबला. शुक्रवारच्या भावापेक्षा दहा टक्के खाली. बाजाराच्या नियमाने त्याच्याखाली त्या दिवशी सौदाच होऊ शकत नव्हता. चारशे विकले गेले, सोळाशे लटकले, आणि समोर घेणारा एकही नाही. कंपनीत काहीही बिघडलं नव्हतं. भाव मीच पाडला होता.

गृहस्थ शांतपणे म्हणाले, “भाऊ, या कंपनीचे बहुतेक शेअर मालकांच्याच घरात. बाजारात फिरणारे थोडे, घेणारेही थोडे. चार जणांनी घेतले की भाव उडतो, एकाने विकले की पडतो.”

म्हणजे बावीसचे चाळीस झाले तेही असंच. तेव्हा मात्र मला माझी हुशारी वाटली होती. मंगळवारी तर भाव उघडला तोच आणखी दहा टक्के खाली. माझी घाई बघून बाकीचेही घाबरले असणार. घेणारा नाहीच. मला लाज वाटली, आणि पोरीची जागा जाते की काय, अशी भीतीही.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. आता चांगलं भाषण ऐकायला मिळणार म्हणून मान खाली घालून बसलो. तिच्या शेअरचं खातं तिच्याच नावावर, विकायला सही तिची लागणार. तिने हात पुसले, पदर नीट केला आणि म्हणाली, “बाजारात टमाटी घेणारा एकच व्यापारी असता, तर तुमी सगळी गाडी त्याच्याम्होरं वतली असती का?”

तीस वर्षं माल विकणाऱ्या माणसाला हे तिने विचारावं!

दुपारी दोघं ऑफिसात गेलो. बाजार त्या दिवशी नरमच होता, तरी तिचा शेअर दोनच रुपये खाली. पडद्यावर घेणाऱ्यांचे आकडे हजारांत, आणि मागणारा-देणारा यांच्या भावात पाच पैशांचा फरक. गृहस्थांनी बटण दाबलं आणि मी चष्मा नाकावर चढवेपर्यंत शंभरच्या शंभर गेले. गुरुवारी पैसे जमा झाले, शनिवारी आम्ही तिघं पुण्याला जाऊन फी भरून आलो. येताना मंचरला भेळ खाल्ली. बायकोने शेअरचा विषयही काढला नाही, याचं मला लई बरं वाटलं.

माझे सोळाशे पुढं चार महिने पुरले. कधी पन्नास, कधी दोनशे, भाव बांधून. काही तर पंचेचाळीसलाही गेले. कंपनी वाईट नव्हती, माझी घाई वाईट होती.

मुलगी नोकरीला लागली. पहिल्या पगारात तिने त्याच मोठ्या कंपनीचे दहा शेअर घेतले, आईच्या नावावर. दर महिन्याला थोडे घालून शंभर पुरे करणार, म्हणाली. बायको कागद हातात धरून रडली. मला एक शर्ट आणला होता. मी कुरकुर न करता घालून पाहिला. अगदी मापाचा होता.