फॉलोअर्सने भागलेलं नांदेड

आमच्या दैनिकाची फेसबुकवर दोन पेज होती, नांदेडचं जुनं आणि लातूरचं नवं. लातूरच्या कार्यालयात मी त्यांची आपोआप तुलना करणारा डॅशबोर्ड तयार करत होतो. मागे पडेल ते पेज बंद होणार होतं.

नांदेडचं पेज सांभाळणाऱ्या ताई मुद्दाम लातूरला आल्या. "लाइक, कमेंट, शेअरची बेरीज रीचने, म्हणजे पोस्ट जितक्यांना दिसली त्या आकड्याने भागा," त्या संपादकांना म्हणाल्या. "ज्यांना पोस्ट दिसते ते बोलून राहिलेत. बाकीचे जुने फॉलोअर्स फेसबुक उघडतच न्हाईत."

रीचने भागलं की नांदेड पुढे जायचं, फॉलोअर्सने भागलं की लातूर.

"ताई, या डॅशबोर्डात तुलनेला दुसऱ्या पेपरांची पेजंही हायत. त्यांचा रीच आपल्याला कोण दाखवणार?" संपादक म्हणाले. "फॉलोअर्स सगळ्यांचे दिसतात. माप एकच पाहिजे."

"आपल्या दोघांपुरता रीचचा रकाना ठेवा की."

"दोन आकडे दिसले की मालक पहिलाच वाचतात. दुसरा ठेवून काय उपयोग?"

रकाना ठेवला नाही आणि नांदेड मागे पडलं. पेज बंद होत असल्याची पोस्ट ताईंनीच टाकली. ती थोड्यांपर्यंतच पोचली, पण त्यातल्या बहुतेकांनी खाली काहीतरी लिहिलं. एकाने विचारलं होतं, "ताई, नळाला पाणी कधी येणार, ते आता कुठं बघायचं?"